पालकांनी लक्ष देण्याची गरज

वकील मुनीराबाईंनी टेबलावरून झेरॉक्स पुढे सरकवली तेव्हा हेंदाला आधी हसूच आलं. ते युस्रचं प्रगतिपत्रक होतं, डिसेंबरच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मिळालेलं. खाली उजव्या कोपऱ्यात तिची स्वतःची सही होती. गणितात वीसपैकी साडेएकोणीस, वर्गातले सगळ्यांत जास्त. त्या संध्याकाळी तिने शेजारच्या झोहरामावशींच्या घरी जाऊन ते दाखवलं होतं, वाटेत मुलीला मखारक मिठाई घेऊन दिली होती. पाकाने दोघींचे हात चिकट झाले होते.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"शेवटचा रकाना वाच," मुनीराबाई म्हणाल्या.

शेवटच्या अरुंद रकान्यात शिक्षकांचा शेरा होता. कुणीतरी त्यावर पिवळ्या पेनाने रेघ ओढली होती. 'गणितात अतिशय हुशार. अक्षराबाबत निष्काळजी. घरी पालकांनी लक्ष देण्याची गरज आहे.'

"हे नौफलच्या वकिलाने लावलंय. दाव्यासोबत," मुनीराबाई म्हणाल्या. "तू कारखान्यात पाळीवर असतेस, मुलगी शेजारणीकडे असते, तिच्याकडे बघायला कुणी नाही, हे त्यांना दाखवायचंय. शेजारी काय सांगतील ते तोंडी असतं. हे लेखी आहे, शाळेचं आहे, शिक्का आहे."

हेंदाने कागद दोनदा वाचला. त्या दिवशी तिने तो आकड्यापर्यंतच वाचला होता. शेरा दिसला होता, पण शेऱ्यात काय असतं, तिच्या लहानपणीही तिच्या कार्डावर असलंच काहीतरी असायचं.

नौफलशी घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. तो आता राजधानीजवळ मनूबाला राहायचा, दुसरं लग्न झालं होतं, एका रविवाराआड येऊन मुलीला घेऊन जायचा. माणूस वाईट नव्हता. युस्रला चौथीत असतानाच सातवीची गणितं सोडवताना पाहिल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता: हिला इथे बेजासारख्या गावात ठेवून वाया घालवू नकोस, तिकडे चांगल्या खासगी शाळेत घालतो. हेंदा नाही म्हणाली. मग त्याने ताबा मिळावा म्हणून दावा लावला.

"शाळेकडून बदलून आणते मी हे," हेंदा म्हणाली.

मुनीराबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जा, बघ. पण ओरडू नकोस तिथे."

*

शाळेचं फाटक सकाळच्या पाळीला उघडायच्या आधी हेंदा तिथे उभी होती. थंडी होती आणि रात्रभर पडून गेलेल्या पावसाचं पाणी अंगणात साचलं होतं. सी लझहर, म्हणजे लझहर सर, सायकल हातात धरून आले. ते चौथीला अरबी, गणित, विज्ञान शिकवायचे. पन्नाशीचा माणूस, मफलरमध्ये हनुवटी बुडालेली. त्यांनी कागद हातात घेतला आणि पिवळी रेघ बघून थांबले.

"हे कोर्टात गेलं?"

"तुम्ही लिहिलंत ते कोर्टात गेलं, सी लझहर. मी मुलीकडे लक्ष देत नाही म्हणून लिहिलंत ना तुम्ही? दहा तास उभी असते मी. घरी आल्यावर तिचं दप्तर आधी बघते, चुलीकडे नंतर जाते."

"मी तसं नाही लिहिलं, बाई."

"मग कसं लिहिलंय? वाचा की."

त्यांनी वाचलं नाही. कागद घडी घालून तिला परत दिला. "हे वाक्य मी अर्ध्या वर्गाच्या कार्डावर लिहितो," ते म्हणाले. "निम्म्याहून जास्तच असेल. मुलगा बडबड करतो, घरी लक्ष द्या. पाढे कच्चे, घरी लक्ष द्या. डॉक्टरच्या मुलीच्या कार्डावरही हेच आहे. रकान्यात दोन ओळी मावतात. काहीतरी सूचना लिहावीच लागते, नाहीतर मुख्याध्यापक परत पाठवतात. ती एक सवय आहे हाताची."

"मग माझ्या कार्डावरची सवय खोडून द्या."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेच त्यांना जड गेलं असावं. ते तिला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

मुख्याध्यापक सी मोकदाद हीटरला पाय लावून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दाखवली, कॉफी मागवली आणि मग नाही म्हणाले.

"कार्डावर शिक्का बसला, माझी सही झाली, तुमची सही झाली. एक प्रत वडिलांनी रीतसर अर्ज करून नेली, तो त्यांचा हक्क आहे. आता आम्ही दुसरं कार्ड केलं तर कोर्टासमोर एकाच तिमाहीची दोन कार्डं येतील. त्याला काय म्हणतात ठाऊक आहे का तुम्हाला? बनावट कागद. त्यात तुमचंच नुकसान."

"मग मी पत्र लिहून देतो," सी लझहर म्हणाले. "की या वाक्याचा अर्थ तसा नव्हता."

"तू काहीही लिहून देणार नाहीस, लझहर. कोर्टाने शाळेला विचारलं तर शाळा उत्तर देईल, वरच्या कचेरीमार्फत. उद्या मुलीचा बाप येईल, त्यालाही देशील पत्र?"

कॉफी आली. हेंदाने घेतली नाही. बाहेर मुलं रांगेत उभी राहत होती. झेंडा चढवायची वेळ झाली होती. युस्र रांगेत तिसरी होती, तिच्या शाळेच्या गुलाबी ॲप्रनचं वरचं बटण सुटलेलं होतं. हेंदाला ते खिडकीतून दिसलं आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की हे बटणसुद्धा कुणी लिहून ठेवेल.

*

मुनीराबाईंनी तारीख पुढे मागून घेतली. "मार्चच्या अखेरीला सुनावणी," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी दुसऱ्या तिमाहीचं कार्ड येईल. त्या कार्डावर अक्षराचं चांगलं आलं तर पहिलं कार्ड बोथट होतं. आईने मनावर घेतलं, पोरगी सुधारली. न्यायाधीशांना असं काहीतरी हवंच असतं."

एवढं पुरेसं होतं. त्या दिवशी येताना हेंदाने दुरेघी वह्यांचा गठ्ठा, दोन खोडरबर आणि एक पट्टी आणली.

युस्रचं अक्षर वाईट होतं हे खरं होतं. ती घाणेरडं लिहायची असं नाही, ती पळत लिहायची. ओळ सुरुवातीला रेघेवर असायची आणि शेवटी डोंगर चढून जायची. सात आणि एक सारखे दिसायचे, शून्य उघडं राहून सहासारखं व्हायचं. गणित सुटलेलं असायचं आणि कागदावर फक्त त्याची उष्टीखरकटी सांडलेली असायची. सी लझहर म्हणायचे, तुझ्या हाताला तुझ्या डोक्यामागे धावून धाप लागते.

"हे पान परत लिही," हेंदा म्हणायची.

"पण उत्तर बरोबर आहे ना, आई."

"उत्तर नाही विचारलं मी."

युस्र परत लिहायची. तिसऱ्या ओळीवर हात पुन्हा पळायला लागायचा. हेंदा पान फाडायची. सुरुवातीला ती सावकाश फाडायची, शिवणीपासून नीट. मग तेवढा धीर राहिला नाही.

कारखान्यात ती दिवसभर गाड्यांसाठीच्या वायरींचे जुडगे बांधायची. लाल, निळी, पिवळी, ठरलेल्या खाचेत ठरलेली वायर, एक चुकली तर अख्खा जुडगा परत. बोटं सुजायची. घरी येऊन ती त्याच बोटांनी मुलीचा हात धरून अक्षरं गिरवायची. अरबी 'ऐन' असं, पोट गोल, शेपटी खाली. परत. परत. युस्रच्या मनगटातली नाडी तिला लागायची.

झोहरामावशी एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात मातीच्या भट्टीतल्या ताबूना रोट्या होत्या. त्यांनी फरशीवरचे चुरगाळलेले कागद बघितले.

"पोरीला सुलतानाचा खलिता लिहायचाय का?"

"मावशी, तुम्हाला माहीत नाही."

"मला एवढं माहीत आहे की ती माझ्याकडे संध्याकाळी पाच वाजेपर्यंत गप्प बसते हल्ली. आधी माझ्या वाटाण्याच्या शेंगा मोजून सांगायची, मावशी, तुम्ही इतक्या सोललात, इतक्या राहिल्यात. डोकं उठवायची. आता नाही उठवत."

"सुनावणीपर्यंतच," हेंदा म्हणाली. "मग करू दे काय करायचं ते."

रमजान सुरू झाला. परीक्षा त्यातच येत होत्या. हेंदा उपास धरून कामावर जायची आणि सूर्यास्ताच्या आधीच्या त्या तासात, जेव्हा सगळ्या गल्लीत शोरब्याचा वास सुटलेला असायचा आणि तोंडाला कोरड पडलेली असायची, तेव्हा ती युस्रला समोर बसवायची. एका संध्याकाळी युस्रने गणिताचं एक पान सुंदर लिहिलं, अगदी छापल्यासारखं, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा सात एकासारखा काढला. तो हेंदाला दिसला आणि तिने पट्टी उचलून तिच्या हातावर मारली.

आवाज फार झाला नाही. युस्र रडली नाही. तिने खोडरबर घेतलं, सात खोडला, फुंकर मारून कचरा उडवला आणि नवा सात काढला, मध्ये आडवी रेघ देऊन. मग तिने विचारलं, "आता मला बाबांकडे पाठवणार नाहीस ना?"

हेंदाला तोपर्यंत वाटत होतं की मुलीला काही माहीत नाही.

उपास सोडायची तोफ झाली, अजान झाली. दोघी जेवायला बसल्या. हेंदाने आपल्या वाटणीचा खजूर युस्रच्या ताटात ठेवला.

*

गणिताच्या पेपराला सी लझहर वर्गात फेऱ्या मारत होते. पाच प्रश्न होते, शेवटचा दोन टाक्यांतल्या पाण्याचा, जो अर्ध्या वर्गाला सुटणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि जो त्यांनी खरं तर एकाच मुलीसाठी घातला होता.

ती मुलगी पट्टीने समास आखत होती.

समास आखून झाल्यावर तिने प्रश्नाचा आकडा लिहिला, त्याच्याभोवती छोटा चौकोन काढला. एक ओळ लिहिली, मान तिरपी करून बघितली, शेवटचा शब्द खोडला, परत लिहिला. सी लझहर तिच्या मागे थांबले. त्यांना काही बोलता येत नव्हतं. परीक्षेत एका मुलीला घाई कर म्हटलं तर सगळ्यांना म्हणावं लागतं. ते सगळ्यांना म्हणाले, "वेळेकडे लक्ष असू द्या." युस्रने वर पाहिलं आणि परत पट्टी उचलली.

घंटा झाली तेव्हा तिचे तीन प्रश्न झाले होते. तिसऱ्याचंही शेवटचं उत्तर राहिलं होतं.

पेपर गोळा करून झाल्यावर ते तिच्या बाकापाशी आले. "टाक्यांचा प्रश्न वाचला होतास?"

"हो, सीदी."

"काय उत्तर?"

तिने सांगितलं. बरोबर होतं. "ते वाचतानाच आलं होतं," ती म्हणाली. "पण लिहायचं राहिलं."

त्यांनी मान हलवली. तोंडी उत्तराला गुण देता येत नाहीत. पेपर तपासताना त्यांनी प्रत्येक पायरीचे जेवढे देता येतील तेवढे गुण दिले, बेरीज तीनदा केली. अकरा. फ्रेंचच्या बाईंनी अक्षर आणि श्रुतलेखनाला पंधरा दिले होते, डिसेंबरात सात होते. बाई म्हणाल्या, "काय जादू केलीस रे या पोरीवर, लझहर?"

कार्डं भरायला शिक्षकांच्या खोलीत बसले तेव्हा त्यांनी युस्रचं कार्ड सगळ्यांत खाली ठेवलं. बाकीची झाली. या वेळी त्यांनी 'घरी पालकांनी लक्ष' हे एकाही कार्डावर लिहिलं नाही आणि त्यामुळे प्रत्येक मुलासाठी काय लिहायचं याचा विचार करत बसावं लागलं, दुपार गेली. शेवटी ते कार्ड उरलं. दोन ओळींचा रकाना.

त्यांनी आधी कच्च्या कागदावर लिहिलं. 'अक्षरात मोठी सुधारणा. आईने फार कष्ट घेतले.' कागद घेऊन ते मुख्याध्यापकांकडे गेले, कारण शेवटची सही त्यांचीच होती.

"'आई' काढ," सी मोकदाद म्हणाले. "शेरा मुलीवर असतो. आईवर नाही, बापावर नाही. त्या शब्दावर मी सही केली तर शाळा एका बाजूची झाली."

"डिसेंबरात पालकांवर होता की. त्यावर केलीत सही."

"तेव्हा ते कोर्टात जाईल हे तुला माहीत होतं? मला होतं? आता माहीत आहे. म्हणून आता जपून."

"आणि गणिताचं काय लिहू? 'घसरण' लिहून सोडून देऊ? ती घसरलेली नाही. ती चित्रं काढत बसली."

सी मोकदादनी कच्चा कागद परत त्यांच्याकडे सरकवला. "जे खरं आहे ते लिही," ते म्हणाले. "पण मुलीबद्दलचं खरं. आणि दोन ओळींत."

सी लझहरनी लिहिलं: 'अक्षर सुंदर झाले. गणित समजते, पण वेळ सजावटीत जातो. घरची देखरेख भरपूर आहे. आता थोडी मोकळीक द्यावी.'

बारीक अक्षरात ते कसंबसं मावलं.

*

कार्ड वाचून हेंदा शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिली. भोवती बाकीच्या आया मुलांना घेऊन जात होत्या. तिने पहिलं वाक्य वाचलं, मग आकडा. अकरा. मग बाकीचं. सी लझहर फाटकातून सायकल बाहेर काढत होते.

"मोकळीक," ती म्हणाली. आवाज खालचा होता. "आधी म्हणालात लक्ष नाही. आता म्हणता लक्ष जास्त झालं. मी नक्की काय करू ते एका कार्डावर लिहून द्या ना, सी लझहर. मी सही करते."

"'भरपूर आहे' असं लिहिलंय, बाई. ते कोर्टात तुमच्या बाजूने वाचलं जाईल."

"आणि अकरा कुणाच्या बाजूने वाचतील?"

त्यांनी सायकल स्टँडवर लावली. मग ते म्हणाले, "तिला टाक्यांचा प्रश्न येत होता. मला तोंडी सांगितला तिने. फक्त लिहिला नाही."

हेंदाने युस्रकडे पाहिलं. ती दप्तर दोन्ही खांद्यांवर नीट घेऊन उभी होती. ॲप्रनची सगळी बटणं लावलेली होती, वरचं धरून.

"का नाही लिहिलास?"

"वाकडं आलं असतं," युस्र म्हणाली.

घरी आल्यावर हेंदाने उरलेल्या दुरेघी वह्या उचलून कपाटावर टाकल्या. मग ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात ओढणीचा बोळा घालून रडली. भांडं भरून वाहत राहिलं.

*

सुनावणीला तेच झालं ज्याची तिला भीती होती. नौफलच्या वकिलाने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. "डिसेंबरात दुर्लक्ष," तो म्हणाला, "आणि मार्चमध्ये, दावा लागल्याबरोबर, पोरीला इतकं पिळलं की वर्गातली पहिली मुलगी अकरावर आली. शिक्षक स्वतः लिहितात, मोकळीक द्या. ही देखरेख नाही, ही भीती आहे."

हेंदाला खाली मान घालून बसल्या-बसल्या कळत होतं की यातलं शेवटचं वाक्य खोटं नाही.

मुनीराबाई उठल्या. 'पालक' या शब्दात कायद्याने बापही येतो, त्यांनी म्हटलं, तर डिसेंबरच्या शेऱ्यात त्याच्याकडेही बोट आहे. तोही एका रविवाराआड मुलीला नेत होता, त्याने कधी वही उघडली का? न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी हे टिपून घेतलं, पण चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, दोन ओळींच्या शेऱ्यांवरून मी मुलीचं घर ठरवणार नाही. समाजसेविका शाळेत आणि घरी जाऊन अहवाल देईल.

बाहेरच्या पायऱ्यांवर नौफल तिची वाट बघत उभा होता. तो बारीक झाला होता, उपासाने असेल.

"हेंदा, अकरा? युस्रला अकरा?"

"तुझ्या वकिलाला विचार. त्याला आनंद झालाय."

"मी तिला तुझ्यापासून तोडायला नाही आलो. तिचं डोकं वाया जाऊ नये एवढंच..."

"मग पिवळी रेघ कशाला ओढलीस तिच्या अक्षराच्या शेऱ्यावर? तुझं अक्षर कसं होतं रे? लग्नाआधी तुझी पत्रं मी बहिणीकडून वाचून घ्यायची."

ती पायऱ्या उतरून गेली. पाळीला उशीर होत होता.

*

समाजसेविका एप्रिलमध्ये आली, सुआद नावाची तरुण मुलगी, पायात चिखलाने भरलेले बूट. आधी शाळेत गेली. या वेळी विचारणा वरून रीतसर आली होती, त्यामुळे सी मोकदादनी सी लझहरना वर्गातून बोलावून घेतलं आणि स्वतः खोलीबाहेर गेले.

सी लझहर एवढ्या दिवसांत काय बोलायचं ते ठरवत होते, पण बोलताना ते साधंच झालं. डिसेंबरचं वाक्य त्यांनी किती मुलांच्या कार्डावर लिहिलं, त्यातल्या बहुतेकांच्या घरी आईबाप दोघंही आहेत. युस्र एकदाही गृहपाठाशिवाय आली नाही. आई प्रत्येक पेपरवर सही करून पाठवते, शेवटच्या पानापर्यंत उलटलेला असतो.

"मग अकरा का?" सुआदने विचारलं.

"माझ्या वाक्यामुळे," ते म्हणाले. "हेही लिहून घ्या. ती बाई माझं वाक्य खोडायचा प्रयत्न करत होती. तिच्या हातात फक्त मुलीचा हात होता."

सुआदने ते लिहून घेतलं की नाही, त्यांना दिसलं नाही.

घरी ती संध्याकाळी गेली. हेंदाने घर घासून काढलं होतं, ब्सीसा, म्हणजे भाजल्या धान्याचं गोड पीठ, कालवून ठेवली होती. सुआदने युस्रची झोपायची जागा बघितली, झोहरामावशींशी बोलली, मग युस्रजवळ खाली बसली आणि म्हणाली, "मला तुझं नाव आणि शाळेचं नाव या कागदावर लिहून दे गं."

युस्रने पट्टी मागितली.

"पट्टी नको. असंच लिही."

युस्रने हेंदाकडे पाहिलं. हेंदाने मान हलवली, लिही. युस्रने पेन्सिल टेकवली, उचलली. कागद सरळ केला. एक अक्षर काढलं, खोडरबरासाठी हात चाचपडला, खोडरबर नव्हतं, अंगठ्याने पुसायला गेली तर काळं पसरलं. मग तिची पेन्सिल हलेचना. सुआद थांबली. हेंदाला ते बघवेना. ती उठली, सुआदसमोर येऊन उभी राहिली.

"मी केलं हे," ती म्हणाली. "लिहा तुम्ही. पट्टीने मारलंसुद्धा एकदा. पण तिला नेऊ नका. नेलं तर ती समजेल की वाकडं लिहिलं म्हणून नेलं. आयुष्यभर तेच समजेल."

सुआदने कागद युस्रच्या हाताखालून हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे, बाळा." त्यानंतर तिने ब्सीसा खाल्ली, दोन चमचे, आणि गेली.

*

निकाल मे महिन्यात लागला. ताबा आईकडेच राहिला. नौफलला महिन्यातल्या दोन रविवारांऐवजी सगळे रविवार मिळाले आणि उन्हाळ्याचा एक महिना. समाजसेविकेच्या अहवालात काय होतं ते मुनीराबाईंनी तिला वाचून दाखवलं: मुलगी आईशी घट्ट बांधलेली आहे, घर नीट आहे, मुलीला लिहिण्याची भीती बसली आहे, शाळेच्या मदतीने ती काढावी लागेल, आई हे जाणते. मारल्याचं एका ओळीत होतं. न्यायाधीश बाईंनी निकालात ती ओळ घेतली होती आणि तरी ताबा आईकडे ठेवला होता.

"जिंकलीस," मुनीराबाई म्हणाल्या.

हेंदाने आभार मानले. बाहेर ऊन लखलखीत होतं, बाजारात वाटाण्याचे ढीग लागले होते. तिने दोन किलो घेतले.

सी लझहरनी वर्गात आपल्या परीने करून पाहिलं. तोंडी गणिताला ते मुलांना पाट्या उचलायला लावायचे, त्यात युस्रची पाटी पुन्हा वर यायला लागली, उशिरा, पण यायची. पाटीवरचं पुसता येतं म्हणून असेल. कागदावर मात्र ती अजून समास आखायची. तिसऱ्या तिमाहीला तिला गणितात चौदा मिळाले. त्यांनी शेरा लिहिला: 'हळूहळू परत येते आहे. वाट पाहावी.' सी मोकदादनी वाचून सही केली.

कार्ड आलं त्या संध्याकाळी हेंदा उंबऱ्याजवळ बसून वाटाणे सोलत होती. युस्र शेजारी बसली होती, हात मांडीवर. झोहरामावशी पलीकडच्या दारातून बघत होत्या.

"एका शेंगेत सहा," हेंदा म्हणाली, तोंडी, सहज बोलल्यासारखं. "माझ्याकडे अशा पस्तीस शेंगा. आणि मावशींनी त्यातले पन्नास दाणे खाल्ले. किती उरले?"

"मी कशाला खाईन पन्नास?" पलीकडून मावशी म्हणाल्या.

युस्रला उत्तर आलं होतं. हेंदाला तिच्या डोळ्यांवरून ते कळलं, पूर्वी ज्या क्षणी यायचं त्याच क्षणी आलं होतं. पण ती बोलली नाही. तिने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ, आणि मग म्हणाली, "एकशेसाठ. बरोबर आहे का, आई?"

"बरोबर आहे," हेंदा म्हणाली. तिने दुसरी शेंग उचलली आणि पुढचं गणित काय विचारावं ते तिला सुचेना.